शनिवार म्हणजे मंगळवार

नोटीस बोर्डावरची तारीख खरी नसते, हे मला बी.ए.च्या पहिल्याच सत्रात कळलं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख गुरुवार, असं बोर्डावर होतं. मी गुरुवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. अंगात ताप होता. परीक्षा विभागाचे सर आले, त्यांनी कुलूप काढलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, कोणी गेलं का तुमच्याकडचं?"

"नाही सर. फॉर्म द्यायचाय. आज शेवटचा दिवस."

"हां, हां," असं म्हणून त्यांनी खिडकी उघडली. ती खिडकी त्या दिवशी फक्त माझ्यासाठीच उघडी राहिली. बाकी सगळा वर्ग शनिवारी आला, कारण विद्यापीठाची खरी तारीख शनिवार होती.

त्याचं असं असायचं. विद्यापीठ सगळ्या संलग्न महाविद्यालयांना परिपत्रक पाठवतं. त्यात विनाविलंब कधीपर्यंत, विलंब शुल्कासह कधीपर्यंत, अतिविलंब शुल्कासह कधीपर्यंत आणि महाविद्यालयानं याद्या आणि शुल्क विद्यापीठाकडे कधी जमा करायचं, असं सगळं असतं. महाविद्यालयानं उशीर केला तर महाविद्यालयाला दंड, आणि तो विद्यार्थ्यांकडून वसूल करायचा नाही, असंही खाली लिहिलेलं असतं. ते परिपत्रक सर फायलीला लावत आणि बोर्डावर दोन कामाचे दिवस अलीकडची तारीख टाकत. तेवढ्यात त्यांना फॉर्म तपासून पोर्टलवर मान्यता देता यायची. पण पोरांना हे ठाऊक होतं. पोरांना ठाऊक आहे हे सरांनाही ठाऊक होतं. त्यामुळे ते दोन दिवस कुणाच्याच कामाचे उरले नव्हते, तरी पद्धत चालू होती.

मला ती पद्धत कळली, पण पाळता आली नाही. पुढच्या चारही सत्रांत मी बोर्डावरच्या तारखेच्या कितीतरी आधी फॉर्म दिला. मी सातवीत शाळा सोडली होती. आमच्या तळकोकणातल्या गावातून हायस्कूलला जायचं तर खाडी ओलांडावी लागायची, आणि भावाचा नंबर लागल्यावर होडीत माझ्यासाठी जागा आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. मग लग्न झालं. यजमान मराठवाड्यात, सेलूला, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले आणि मी त्यांच्या मागोमाग आले, खाडी नसलेल्या गावात. इथे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाले, बारावी झाले आणि मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर कॉलेजात बसले. पहिल्या दिवशी प्रवेशाच्या खिडकीत मला कुणीतरी हाकलून देणार असं वाटत होतं. तिथे तेव्हा हेच सर बसले होते. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "माहेरच्या नावानं सगळं हाय, तर माहेरच्याच नावानं चालू द्या. मधात नाव बदलायला जाताल तर डिग्री झाल्यावर गॅझेट घेऊन पळत बसताल." तेव्हापासून मी त्यांची ऋणी आहे. अशा माणसाच्या खिडकीत उशिरा जायचं माझ्यानं होणार नव्हतं.

सहाव्या सत्रात माझ्यामागे आणखी एक काळजी होती. जिनिंगच्या मालकांनी यंत्रं विकायचं ठरवलं होतं, आणि यजमानांचं काम त्या हंगामाबरोबर संपणार होतं. परीक्षा संपली की आम्ही सामान बांधून गावी परतणार होतो. म्हणजे हे सत्र इथे असताना झालं तर झालं. राहिलं असतं तर एका परीक्षेसाठी महाराष्ट्राच्या त्या टोकाकडून या टोकाला येऊन, लॉजवर राहून पेपर द्यावे लागले असते. यजमान "येऊ की परत," म्हणाले. पण मी त्यांना ओळखते, आणि स्वतःलाही ओळखते. एकदा खाडीपलीकडे राहिलेलं पुन्हा माझ्या हाती लागलं नव्हतं.

त्याच वर्षी कॉलेजात नवे प्रभारी प्राचार्य आले होते. आधीच्या वर्षी कुणीतरी तक्रार केली होती, की विद्यापीठाची मुदत शिल्लक असताना कॉलेज पोरांना 'मुदत संपली' म्हणून घाबरवतं. प्राचार्यांना ते लागलं. त्यांनी सांगितलं, की यापुढे विद्यापीठाचं परिपत्रक जसंच्या तसं बोर्डावर लागेल. आपल्या मनाच्या तारखा नाहीत. पारदर्शकता.

सर "बरं सर," म्हणाले. बाहेर येऊन शिपाईमामांना म्हणाले, "लाव बाबा. पारदर्शक हाय, टाचणी जपून मार."

परिपत्रक लागलं. विनाविलंब शनिवारपर्यंत. त्यानंतरच्या बुधवारपर्यंत विलंब शुल्कासह. त्यापुढे अतिविलंब. खाली विद्यापीठाचा गोल शिक्का आणि ठळक अक्षरात, 'कोणत्याही परिस्थितीत मुदतवाढ दिली जाणार नाही'.

मी नेटकॅफेत जाऊन पोर्टलवर फॉर्म भरला, शुल्क भरलं, प्रिंट काढली, मागच्या सत्राच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडली आणि परिपत्रक लागलं त्याच दिवशी खिडकीत दिला. सरांनी तो वरून खाली वाचला. विषयांचे कोड तपासले, सहीवर बोट ठेवून खात्री केली.

"एकदम क्लिअर," ते म्हणाले. "पण ताई, एकट्या फॉर्मला मान्यता देत न्हाई मी. वर्गाची एकच यादी करतो, एकच चलन. मधात एक एक केलं की हिशेब तुटतो. तवर हा हरवायला नको." असं म्हणून त्यांनी माझा फॉर्म बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवला नाही. टेबलाचा ड्रॉवर उघडून, डब्याचा चमचा बाजूला सारून, आत नीट ठेवला.

मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी लवकर येत होते, त्याची कुणीतरी दखल घेतली होती.

बुधवार उजाडला तरी ट्रे रिकामाच होता.

माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. सेलूजवळच्याच एका खेड्यातून एस.टी.नं यायची. घरी मेंढ्या होत्या. वडील कळप घेऊन बाहेर असले की दोन-दोन महिने दिसत नसत, आणि घरातले सगळे व्यवहार हीच बघायची. वर्गातली सगळ्यात हुशार. मी तिला म्हटलं, "अगं, शनिवारी मुदत संपते. फॉर्म भर."

"काकू, शनिवार म्हणजे मंगळवार."

"नाही गं. या वेळी परिपत्रकच लावलंय. विद्यापीठाचा शिक्का आहे."

"शिक्का कॉलेजकडं बी असतोय."

"विद्यापीठाचा आहे. गोल."

"काकू," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "बोर्डावर लागलं म्हणजे ते कॉलेजचंच. तुमी लय टेन्शन घेता. शनिवारात दोन दिवस मिळवा, मधात रविवार सोडा. मंगळवार. आमी समदे मंगळवारी जायलोत."

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मंगळवारी बी कामून? मुदतवाढ येतीय. माझ्या मावसभावाचा दोस्त विद्यापीठात कॅन्टीनला हाय."

"तिथं लिहिलंय, कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही म्हणून," मी म्हणाले.

"ते दरसाल लिहितेत, काकू. ते लिहिलं की समजायचं, देणार हायत."

मागच्या सत्रात खरोखर तसंच झालं होतं.

त्या दुपारी मी सरांकडे गेले. ते रिकाम्या ट्रेकडे बघत बसले होते. शेजारी परिपत्रकाची दुसरी प्रत होती आणि दंडाच्या कलमाखाली त्यांनी पेनानं रेघ मारलेली होती.

"शनिवारपर्यंत न्हाई आले तर समदे विलंबात जातेत," ते म्हणाले. "मग पालक येतेत, पुढारी येतेत. विलंबाची यादी येगळी, चलन येगळं. त्यात माझ्याकडून एक दिवस पुढं गेला की दंड कॉलेजला. मग प्राचार्य मला विचारतेत, पारदर्शक असून असं कसं झालं?"

"मी सांगितलं वर्गात. कुणाला पटत नाही."

"तुमचं बी न्हाई पटलं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुमाला तर खोटं बोलायलाच येत न्हाई."

"म्हणूनच पटत नसेल."

शिपाईमामा दारात तंबाखू मळत उभे होते. ते म्हणाले, "सायेब, पोरायला खरं वाचायची सवय न्हाई. तुमीच लावली ना ती सवय?"

सरांनी पाठकोरा कागद घेतला आणि मार्करनं लिहिलं, 'सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की परीक्षा फॉर्म स्वीकारण्याची अंतिम मुदत गुरुवार. त्यानंतर कोणाचाही फॉर्म स्वीकारला जाणार नाही.' जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, सही म्हणजे नुसती एक आडवी रेघ. प्राचार्य दोन दिवस विद्यापीठात बैठकीला गेले होते. शिपाईमामांनी तो कागद परिपत्रकाच्या वरच टाचला. विद्यापीठाचा गोल शिक्का त्याखाली अर्धा झाकला गेला.

"गुरुवार म्हणजे उद्या," मी घाबरून म्हणाले. "एवढ्यात कसे येतील?"

"उद्या कोण येतंय?" सर म्हणाले. "गुरुवारात दोन दिवस मिळवा."

गुरुवारी सकाळी माझ्या बाकावरची मुलगी बोर्डाकडून आली ती कमरेवर हात ठेवून. "बघा काकू! म्हणलं न्हवतं? आता खरी नोटीस लागली. गुरुवार म्हणजे शनिवार. शनिवारी फॉर्म भरायचा." मागचा मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अय, शनिवार फिक्स हाय. मुदतवाढ न्हाई. हां, पक्की खबर, बोर्डावर गुरुवार लिहिलंय."

सगळ्यांना खरी तारीख कळली होती.

गुरुवारी संध्याकाळी मामांनी तो कागद काढून घेतला. शुक्रवारी प्राचार्यांनी विचारलं, "इथे काही दुसरी नोटीस होती म्हणे?" सर म्हणाले, "कुठं सर?" आणि दोघांनी मिळून बोर्डाकडे बघितलं. तिथे परिपत्रक होतं, पारदर्शक.

शनिवारी सगळं कॉलेज आलं. खिडकीपासूनची रांग जिन्याला वळसा घालून सायकलस्टँडपर्यंत गेली होती. पोर्टल मधूनमधून अडकत होतं आणि संध्याकाळी सहाला ती मुदत बंद होणार होती. सर फॉर्म घेत, ट्रेमध्ये टाकत आणि वरचा उचलून मान्यता देत. पोरं खिडकीला तोंड लावून उभी होती. "सर, माझं झालं का? सर, मोबाईलवर अजून पेंडिंगच दावायलंय." सर म्हणत, "अरे, तू हललास तर उजेड येईल, मग दिसंल मला!"

मी सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. माझ्याही मोबाईलवर 'महाविद्यालय मान्यता प्रलंबित' असंच दिसत होतं. पण माझा फॉर्म पहिला होता. पहिला म्हणजे यादीत पहिला, त्याला मान्यता मिळालीच असेल, पोर्टल दाखवायला उशीर करतंय, असं मी स्वतःला समजावत होते. आणि एवढी पोरं ताटकळत असताना मध्ये घुसून 'माझं बघा' म्हणणं मला जमेना. चारच्या सुमाराला गर्दी जरा हलली तशी मी खिडकीशी गेले.

"सर, माझा..."

"ताई!" त्यांनी मान वर न करता म्हटलं. "तुमचा तर समद्यात आधीचा. तुमी कशाला तकलीफ घेताय? जावा घरी, निवांत च्या घ्या."

मी घरी गेले. चहा घेतला. निवांत नव्हता.

रविवारी मोबाईलवर तेच दिसत होतं. सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. "ताई, जरा येऊन जाता का?" त्या 'जरा'नं मी चहा अर्धा टाकून निघाले.

ते खुर्चीत नव्हते, टेबलाशेजारी उभे होते. माझा फॉर्म टेबलावर होता. त्यावर चमच्याचा तेलकट ठसा उमटला होता.

"डब्यासाठी ड्रॉवर उघडला," ते म्हणाले.

शनिवारी सहा वाजता पोर्टलनं मान्यता न झालेले फॉर्म आपोआप विलंबात टाकले होते. सगळ्या कॉलेजात तसा एकच फॉर्म होता.

सर मला प्राचार्यांकडे घेऊन गेले आणि सगळं सरळ सांगितलं. ड्रॉवरसुद्धा. प्राचार्यांनी ऐकून घेतलं. माणूस न्यायाचा होता. ते म्हणाले, "चूक महाविद्यालयाची आहे. यात विद्यार्थिनीला भुर्दंड नको. आपण विद्यापीठाला तसं पत्र देऊ. जो दंड असेल तो महाविद्यालय भरेल."

सरांनी मान डोलावली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तसं पत्र गेलं की फॉर्म विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं निर्णयासाठी जातो. निर्णय होईस्तोवर हॉलतिकीट अडतंय."

"कधीपर्यंत होतो निर्णय?"

"होतो, सर," सर म्हणाले. त्यांच्या त्या 'होतो'त तारीख नव्हती.

मी आजवर प्राचार्यांच्या खोलीत कधी तोंड उघडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर घरी बांधून ठेवलेली भांडी आली आणि त्यांच्यासमोर मी, हातात निर्णय घेऊन, पुढच्या वर्षी.

"सर, मला उशीर झाला असं लिहिलं तर?"

"म्हणजे?"

"विलंबाची मुदत बुधवारपर्यंत आहे ना? विलंबातच राहू दे. मान्यता द्या. मग अडणार नाही ना?"

"अडणार नाही," सर म्हणाले. "आजच होतंय."

"पण तुम्हाला उशीर झालेला नाही," प्राचार्य म्हणाले.

"नाही सर. पण तसं लिहा."

प्राचार्यांनी चष्मा काढला. पारदर्शकता त्यांना मनापासून हवी होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चष्मा परत चढवून ते म्हणाले, "मग विद्यार्थिनीचा अर्ज लागेल. विलंबाचं कारण नमूद करून."

अर्ज सरांच्या टेबलावर लिहिला. 'मी माझा परीक्षा फॉर्म विहित मुदतीत सादर करू शकले नाही' एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. कारण सुचेना. गणिताच्या पेपरातसुद्धा मी कधी इतकी अडले नव्हते.

"घरगुती अडचण," शिपाईमामा मागून म्हणाले. "त्येच्यात समदं बसतंय."

मी 'घरगुती अडचणीमुळे' असं लिहिलं. सरांनी तिथल्या तिथे पोर्टलवर मान्यता दिली. माझ्या मोबाईलची घंटी वाजली. 'मान्य'. विलंब शुल्कासाठी मी पर्स उघडली तर त्यांच्या हातात पावती फाडून तयार होती, माझ्या नावाची.

"किती झाले सर?"

"सुट्टे न्हाईत माझ्याकडं," असं म्हणून त्यांनी ड्रॉवर लावला. मी पर्स घेऊन उभी राहिले. त्यांनी तो ड्रॉवर पुन्हा उघडला नाही.

बुधवारनंतर बोर्डावर याद्या लागल्या. विनाविलंब यादी चार पानांची. शेजारी एक वेगळा कागद, 'विलंब शुल्कासह', अनुक्रमांक एक, त्यापुढे माझं नाव, माहेरचं. त्याखाली नियमाप्रमाणे 'एकूण : एक'. मुदतवाढ आली नव्हती.

माझ्या बाकावरची मुलगी बराच वेळ त्या कागदापुढे उभी होती. मग वर्गात येऊन माझ्याजवळ बसली.

"काकू, तुमी?"

"हो."

"आमाला तर रोज सांगायच्या." तिला माझं वाईट वाटत होतं, आणि थोडं हसूही येत होतं. "काय झालं हो? घरी काही...?"

"घरगुती अडचण," मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते बरंच सोपं गेलं.

दुपारी ती डब्यातला मेंढीच्या दुधाचा खरवस घेऊन आली आणि मला न विचारता माझ्या पोळीवर ठेवला. मागच्या बाकावरच्या मुलानं सांगितलं, की पुढच्या वेळी अडचण आली तर त्याला फोन करायचा. पुढची वेळ नव्हती, पण मी त्याचा नंबर घेतला.

हॉलतिकीट पहिल्याच गठ्ठ्यात आलं. फोटोत मी घाबरलेली दिसत होते. तो फोटो प्रवेशाच्या दिवसाचा होता. सरांनी खिडकीतून ते देताना सगळे विषय, सगळे कोड, बैठक क्रमांक मला मोठ्यानं वाचून दाखवले, जणू मला वाचता येत नाही. मी त्यांना थांबवलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी ते ठेवायला पाकीट शोधलं, सापडलं नाही. त्यांचा हात ड्रॉवरकडे गेला, थांबला, आणि त्यांनी हॉलतिकीट माझ्या हातात दिलं.

पहिल्या पेपराला मी निघाले तेव्हा घरात सामानाची पोती रचलेली होती आणि यजमान सुतळी शोधत होते. कॉलेजचं गेट बंद होतं. शिपाईमामा आतल्या बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी मला बघितलं, घड्याळ बघितलं, परत मला बघितलं.

"काय ताई, तुमचं नाव त्या उशिराच्या यादीत होतं ना? मग आज इतक्या लौकर?"

"घरगुती अडचण होती मामा," मी म्हणाले. "मिटली."

त्यांनी उठून गेट उघडलं.